तेव्हा ती हसत ‘हो’ म्हणाली होती

*ताई, आमचं फॅमिली व्लॉगचं चॅनल आहे. सहा वर्षांपूर्वी सुरू केलं तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. आता ती बारा वर्षांची, सातवीत आहे. धाकटा चार वर्षांचा. चारशेच्या वर व्हिडिओ आहेत, महिन्याला साधारण पस्तीस हजार येतात आणि त्यातले बरेचसे फ्लॅटच्या हप्त्यात जातात. आमचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ म्हणजे लेकीचं दिवाळीचं अभ्यंगस्नान. बाकीचे आठ-दहा हजारांवर थांबतात, त्याला नऊ लाख व्ह्यूज आहेत. गेल्या महिन्यात वर्गातल्या कुणीतरी त्यातलाच एक क्षण कापून त्याचं व्हॉट्सॲप स्टिकर केलं. ती घरी आली, जेवली नाही. रात्री म्हणाली, “सगळे व्हिडिओ काढून टाक.” यांचं म्हणणं, तेव्हा तर ती हसत हसत करायची, आठ दिवसांत विसरेल. आम्ही यूट्यूबचे सगळे नियम पाळतो, मुलांचे व्हिडिओ Made for kids म्हणूनच टाकतो. तिचं ऐकून सहा वर्षांची मेहनत पुसून टाकायची का?*

*— एक आई, सिंहगड रस्ता, पुणे*

प्रिय मैत्रिणी,

आधी एक काम करा आणि मग पुढचं वाचा. लॅपटॉपवर यूट्यूब स्टुडिओ उघडा, तो दिवाळीचा व्हिडिओ शोधा आणि त्याच्या Visibility मध्ये जाऊन तो Private करा. डिलीट करू नका, डिलीट केलेला व्हिडिओ परत येत नाही आणि तो निर्णय तुम्हाला सावकाश घ्यायचा आहे. Unlisted वरही ठेवू नका, कारण ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांना तो दिसतच राहतो आणि वर्गात ती लिंक आधीच फिरली असणार. Private केला की तुम्ही स्वतः बोलावल्याशिवाय कुणालाच दिसत नाही, व्ह्यूजचा आकडाही जागच्या जागी राहतो. बाकीच्या चारशे व्हिडिओंचं काय करायचं ते ठरेपर्यंत निदान एवढा एक तरी बाहेर नको.

झालं असेल तर त्याच व्हिडिओचं Analytics उघडा. नऊ लाखांचा आकडा तुम्ही कौतुकाने लिहिला आहे, मला मात्र तो वाचून धस्स झालं. ज्या चॅनलचे व्हिडिओ आठ-दहा हजारांवर थांबतात, तिथे पाटावर बसलेल्या, टॉवेल गुंडाळलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा एकच व्हिडिओ नऊ लाखांवर जातो. का? दिवाळी तर तुम्ही दरवर्षी दाखवता. फराळाचा, किल्ल्याचा, रांगोळीचा व्हिडिओ का नाही गेला तिथवर?

उत्तर तीन ठिकाणी सापडेल. पहिलं, प्रेक्षक कुठले आहेत. तुमची भाषा मराठी, विषय घरगुती, म्हणजे प्रेक्षक महाराष्ट्रातले आणि थोडे परदेशी गेलेले मराठी लोक असणार. या एका व्हिडिओला जर मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या देशांतून मोठा वाटा आला असेल, तर ते लोक तुमचं बोलणं ऐकायला आलेले नाहीत. दुसरं, तो कुठल्या व्हिडिओंच्या शेजारी सुचवला गेला. ट्रॅफिक सोर्समध्ये ‘सजेस्टेड व्हिडिओज’वर क्लिक केलंत की यादी येते. तिथे पाककृती आणि दिवाळीचे व्लॉग असतील तर ठीक. पण जगभरातल्या लहान मुलामुलींचे अंघोळीचे, पोहण्याचे, कपडे बदलण्याचे व्हिडिओ ओळीने दिसले, तर तुमचा व्हिडिओ कुठल्या रांगेत जाऊन बसला होता ते कळेल. तिसरं, रिटेन्शनचा आलेख, म्हणजे व्हिडिओच्या कुठल्या क्षणापर्यंत किती प्रेक्षक टिकले ते दाखवणारी रेघ. साधारण व्लॉगमध्ये ही रेघ हळूहळू खाली उतरत जाते. मध्येच एखादा उंचवटा आला की तो भाग लोकांनी मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला आहे. तिथला मिनिट-सेकंद लिहून घ्या आणि त्या सेकंदाला पडद्यावर काय आहे ते बघा.

तुमच्या बाबतीत असंच झालंय असं मी म्हणत नाही. पण असं होतं. 2019 च्या जूनमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ब्राझीलमधल्या एका घरची हकिकत छापली होती. दहा वर्षांच्या मुलीने मैत्रिणीसोबत घरामागच्या पोहण्याच्या तलावात खेळतानाचा व्हिडिओ टाकला आणि थोड्याच दिवसांत तो चार लाख वेळा पाहिला गेला. यूट्यूबची शिफारस-यंत्रणा तो अशा लोकांना सुचवत होती, जे आधीच अर्धवट कपड्यांतल्या मुलांचे व्हिडिओ एकामागून एक बघत होते. व्हिडिओ निरागस होता. गोळा झालेला प्रेक्षक निरागस नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत यूट्यूबने लहान मुलं असलेल्या बहुतेक व्हिडिओंवरच्या कमेंट्स बंद करून टाकल्या होत्या, कारण अशा व्हिडिओंखाली लोक नेमके सेकंद लिहून ठेवत होते.

अभ्यंगस्नानाबद्दल मी मुद्दाम सविस्तर बोलते आहे, कारण आपल्याकडच्या व्लॉगर आयांना हा धोका चटकन दिसत नाही. उटणं, तांब्या, पणती, आजीने ओवाळणं, यात आपल्याला सण दिसतो. मुंजीतला उघडा बटू, पहिल्या अंघोळीचं बाळ, सगळं तसंच. आपल्या अल्बममध्ये ते अगदी शोभून दिसतं. पण पडद्यापलीकडच्या माणसाला ना दिवाळी माहीत, ना उटणं. त्याला फक्त अंघोळ करणारं मूल दिसतं.

आता Made for kids बद्दल. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पालकाचा हाच गैरसमज असतो, म्हणून नीट सांगते. ही खूण व्हिडिओतल्या मुलासाठी नाही, व्हिडिओ बघणाऱ्या मुलासाठी आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2019 मध्ये मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल गूगल आणि यूट्यूबला 17 कोटी डॉलरचा दंड लावला, त्यानंतर जानेवारी 2020 पासून ही खूण सक्तीची झाली. ती लावली की त्या व्हिडिओवर प्रेक्षकाची आवड हेरून दाखवलेल्या जाहिराती बंद होतात, कमेंट्स बंद होतात. पडद्यावरच्या मुलीला विचारलं का, तिला हे हवंय का, याच्याशी त्या खुणेचा काडीचा संबंध नाही. तेरा वर्षांची अटही तशीच. ती खातं उघडणाऱ्यासाठी आहे. खातं तुमचं, तुम्ही सज्ञान, म्हणून सहा वर्षांची मुलगी चारशे व्हिडिओंत दिसली तरी हा नियम मोडत नाही. लाईव्हचा नियम तेवढा वेगळा आहे, 22 जुलै 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने लाईव्ह जाता येत नाही, मोठं माणूस पडद्यावर सोबत लागतं. एकूण, तुम्ही नियम पाळलेत हे खरं आहे. पण तुमच्या लेकीला या व्हिडिओबद्दल काय वाटतं, हे विचारायची सोय त्या नियमांमध्ये केलेलीच नाही. ते काम तुमच्यावर सोडलं आहे.

आपला कायदाही तिथेच येऊन थांबतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या वतीने संमती पालकांनी द्यायची. एरवी ते बरोबर आहे. पण फॅमिली व्लॉगमध्ये व्हिडिओ टाकणारेही तुम्हीच आणि तिच्या वतीने ‘हो’ म्हणणारेही तुम्हीच. मध्ये तिची बाजू बघणारं तिसरं कुणी उरत नाही. फ्रान्सने हे ओळखलं आणि 2020 च्या कायद्यात मुलालाच हक्क दिला. आईवडिलांची परवानगी न घेता मूल स्वतः प्लॅटफॉर्मकडे आपले व्हिडिओ काढून टाकायची मागणी करू शकतं. आपल्याकडे तुमच्या लेकीने ती मागणी कुणाकडे करायची? तुमच्याकडे. तिने त्या रात्री तेच केलं.

म्हणून तुमच्या यजमानांच्या ‘तेव्हा तर हसत हसत करायची’ या म्हणण्याकडे वळते. ते खोटं बोलत नाहीत. ती हसतच होती. पण सहा वर्षांची मुलगी ‘हो’ म्हणते तेव्हा ती कशाला हो म्हणते? आई समोर बसली आहे, आईचं सगळं लक्ष माझ्याकडे आहे, बाबा खूश आहेत, याला. सातवीतला वर्ग, स्टिकर, नऊ लाख अनोळखी माणसं, यातलं काहीच तिच्या ‘हो’मध्ये नव्हतं. तेव्हा नव्हतं म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. आज ती ‘नाही’ म्हणते आहे आणि हा ‘नाही’ तिने सगळं कळून दिला आहे, एवढाच फरक आहे. दोन्हींपैकी जास्त वजन कशाला द्यायचं, हे मला तरी अवघड वाटत नाही.

आणि ती आठ दिवसांत विसरेलही कदाचित. पण व्हिडिओ विसरत नाही. आठवीत नवा वर्ग येईल, नवा कुणी तिचं नाव शोधेल.

तर करायचं काय? सगळे चारशे व्हिडिओ एका रात्रीत उडवू नका. ‘सगळे’ हा शब्द तिने रडता रडता वापरला आहे. यादी करा. स्टुडिओच्या Content पानावर सगळे व्हिडिओ थंबनेलसकट ओळीने दिसतात. शनिवारी दुपारी, बाबा आणि धाकटा घरी नसताना, तिला लॅपटॉप द्या आणि एक वही द्या. जो व्हिडिओ नको त्याचं नाव तिने वहीत लिहायचं. तुम्ही शेजारी असा, पण व्हिडिओ मोठ्याने लावू नका आणि मुख्य म्हणजे कारण विचारू नका. ‘अगं यात काय एवढं?’ हे एक वाक्य तोंडातून गेलं की ती पुढची नावं लिहायची थांबते.

गेल्या वर्षी एक आई आणि तिचा तेरा वर्षांचा मुलगा अशी यादी करताना मी त्यांच्यासोबत होते. आईला खात्री होती की तो मुंजीचा व्हिडिओ काढायला सांगेल. तो त्याने तसाच पुढे ढकलला. त्याने लिहिलं ते भलतंच. तिसरीत गणितात कमी मार्क पडले म्हणून बाबा रागावतात तो व्हिडिओ. दुसरा टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी तो नर्सला घट्ट धरून बसतो तो. तिसऱ्यात तर काहीच नव्हतं, महाबळेश्वरची साधी सहल होती, पण थंबनेलवर त्याचा रडका चेहरा, भोवती लाल वर्तुळ आणि वर मोठ्या अक्षरात ‘शेवटी तो रडलाच!’ असं होतं. व्हिडिओ चालेल, चित्र आणि नाव बदल, असं तो म्हणाला. कशाची लाज वाटते हे आपण बाहेरून ओळखू शकत नाही. आपण लाजेच्या जागा शरीरात शोधतो आणि मुलांना बऱ्याचदा आपलं रडणं, हरणं, बोलणी खाणं सगळ्यांनी पाहिलं याचीच जास्त लाज वाटते.

तिची यादी झाली की त्यात तुमची भर घाला. अंघोळ, कपडे बदलणं, दवाखाना, शिक्षा, शाळेचा गणवेश किंवा व्हॅनचा थांबा दिसणारे व्हिडिओ तिने लिहिले नसतील तरी आत घ्या. मग Content पानावर या सगळ्यांवर खूण करून एकदम Private करता येतात. एखाद्या लांब व्हिडिओतला एकच मिनिट नको असेल तर स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा भाग कापता येतो किंवा चेहरा धूसर करता येतो, लिंक आणि व्ह्यूज तेच राहतात. बदल प्रोसेस होईपर्यंत जुनाच व्हिडिओ दिसत राहतो, म्हणून ते होईस्तोवर तो Private ठेवा. जे कायमचे डिलीट करायचं ठरेल ते आधी गूगल टेकआउटमधून मूळ दर्जात उतरवून घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, कारण स्टुडिओतून थेट डाउनलोड केलं की दर्जा कमी मिळतो. ते तिचं बालपण आहे, तिला पंचविसाव्या वर्षी बघावंसं वाटेल. शॉर्ट्स, इन्स्टाग्रामच्या रील्स, फेसबुक पेज इथे त्याच व्हिडिओंचे तुकडे असतील, तेही शोधा, लोक नेमकं हेच विसरतात.

दुसऱ्या चॅनलवर कुणी तुमचा व्हिडिओ उचलून टाकला असेल तर व्हिडिओ तुमचा असल्याने स्टुडिओतूनच कॉपीराइटची तक्रार करता येते. नाहीतर मुलीच्या वतीने प्रायव्हसीची तक्रार करा. गूगलच्या शोधात अठरा वर्षांखालच्या मुलाचे फोटो येत असतील तर ते निकालातून काढायची विनंती पालक किंवा मूल स्वतः करू शकतं. कुठे तिचा व्हिडिओ घाणेरड्या मथळ्याखाली सापडला, तर स्क्रीनशॉट पुढे पाठवत बसू नका, लिंक घेऊन cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. स्टिकरचं मात्र खरं सांगते. ग्रुपमधून ते निघतं का, हे वर्गशिक्षिकेशी बोलून नक्की बघा. पण ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच सेव्ह झालं आहे तिथून ते निघणार नाही. हे तिलाही सांगा. ‘मी सगळं पुसून टाकलं’ असं खोटं आश्वासन देऊ नका, पुढच्या वेळी ते स्टिकर पुन्हा दिसलं की तिचा तुमच्यावरचाही विश्वास जाईल.

आता पैसे. हप्ता खरा आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण ‘सहा वर्षांची मेहनत पुसली जाईल’ हे अंदाजाने न बोलता मोजा. Analytics मध्ये Revenue च्या पानावर गेल्या 365 दिवसांत कुठल्या व्हिडिओने किती दिले ते वेगवेगळं दिसतं. तुमच्या वहीतल्या व्हिडिओंची तेवढी बेरीज करा. हे काम यजमानांना द्या, एका संध्याकाळचं आहे. दिवाळीच्या व्हिडिओचा वाटा मोठा निघाला, तर निदान काय विकून तो पैसा येत होता हे दोघांच्याही समोर येईल. आणखी एक भीती मला नेहमी ऐकू येते, की व्हिडिओ Private केले तर चॅनल चार हजार तास पाहिलं गेल्याची अट मोडेल आणि मॉनेटायझेशन जाईल. ती अट यूट्यूबच्या कमाईच्या कार्यक्रमात शिरताना लागते. आत आलेल्या चॅनलचे तास नंतर घटले म्हणून मॉनेटायझेशन आपोआप बंद होत नाही. सहा-सहा महिने काहीच टाकलं नाही तर मात्र ते बंद होऊ शकतं.

आणि त्या पस्तीस हजारांत तिचं काय आहे? बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांत मालिका-जाहिरातींत काम करणाऱ्या मुलांसाठी स्पष्ट लिहिलं आहे. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, मुलाच्या इच्छेविरुद्ध आणि संमतीशिवाय काही करून घ्यायचं नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. नियम लिहिले गेले ते निर्माता आणि सेट डोळ्यांसमोर ठेवून. स्वयंपाकघरातल्या व्लॉगवर कुणी तपासायला येत नाही. पण माप म्हणून घ्या. पस्तीस हजारांचे वीस टक्के म्हणजे महिन्याला सात हजार, वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. सहा वर्षांत तिच्या नावावर किती जमले? शून्य असतील तर या महिन्यापासून सुरुवात करा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1 जुलै 2024 पासून व्लॉगमधल्या मुलांचा वाटा बाजूला ठेवणं बंधनकारक आहे आणि तो ठेवला नाही तर मोठं झाल्यावर मूल आईवडिलांना कोर्टात खेचू शकतं.

चॅनल बंद करा असं मी म्हणणार नाही. तुमच्या लेकीला पुढे व्हिडिओत यायचंही असेल, बारा वर्षांच्या मुली एका आठवड्यात दोन्ही म्हणतात. तसं असेल तर तिला दोन वेगवेगळे प्रश्न विचारा. शूट करताना, ‘घेऊ का?’ आणि एडिट झाल्यावर, मथळा आणि थंबनेल दाखवून, ‘टाकू का?’ पहिल्याचं ‘हो’ दुसऱ्याला चालत नाही. दोन्हींच्या मध्ये एक रात्र जाऊ द्या. आणि तिच्या ‘नाही’ची किंमत तिला मोजावी लागू नये. तुमचा चेहरा पडला, बाबा गप्प झाले, सहल लवकर आटपली, तर ती पुढच्या वेळी ‘हो’ म्हणेल आणि ते ‘हो’ नसेल. कुठल्या ब्रँडकडून आगाऊ पैसे घेऊन मग तिला विचारलंत, तर तिला नाही म्हणायला जागाच उरलेली नसते. आधी तिला विचारा, मग त्यांना कळवा. जुनी यादी दर मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा तिच्यासमोर ठेवा. बाराव्या वर्षी चाललेलं चौदाव्या वर्षी चालेलच असं नाही.

राहिला धाकटा. बहुतेक आता व्लॉगमध्ये तोच जास्त दिसत असेल, कारण तो अजून हसत हसत ‘हो’ म्हणतो. त्याचा चेहरा काही वर्षं न दाखवता चॅनल चालतं का ते बघा. पाठमोरा, त्याचे हात कणीक मळताना, किल्ल्यावर माती थापताना, त्याचं बोलणं नुसतं ऐकू येताना. नाव घ्यायचं नाही, शाळा नाही, सोसायटीचं गेट नाही, आणि सहलीचा व्हिडिओ घरी परत आल्यावरच टाकायचा. पहिले काही आठवडे व्ह्यूज खाली येतील. लोक ‘पिल्लू कुठे आहे?’ असं विचारतील. त्यांना तुम्हीच उत्तर द्या, आणि त्या वेळी लेकीला शेजारी बसू द्या.

— तुमची ताई